मैत्रिणीचं लग्न ठरलं, आणि मला रडू आलं

प्रश्न : मी आणि माझी कॉलेजची मैत्रीण पुण्यात सहा वर्षं एका फ्लॅटमध्ये राहतोय. रविवारी नाशिकहून तिचा फोन आला, लग्न ठरलं म्हणून. मी ‘अरे वा, अभिनंदन!’ म्हटलं, काहीतरी काम सांगून फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. उद्या संध्याकाळी ती परत येतेय. पुढच्या महिन्यात साखरपुडा आहे आणि मी सतत तिच्यासोबत असावं असं तिला वाटतंय. मी 31 वर्षांची आहे, माझ्यासाठीही स्थळं बघताहेत, दोनदा जमता जमता फिसकटलं. मुलगा चांगला आहे, तिच्यासाठी मला बरंच वाटतंय. पण मग हे काय होतंय? मी इतकी वाईट मैत्रीण आहे का? तिच्याशी काय बोलू?

उत्तर : वाईट मैत्रीण वगैरे काही नाही. पण तुमचा तो फोन अर्धवट राहिलाय आणि तो उद्याच पुरा करायला हवा. तुमचं रडू, तुमची स्थळं, फ्लॅटचं पुढे काय, या सगळ्याला अजून वेळ आहे. अभिनंदन मात्र शिळं झालं की त्याची चव जाते, म्हणून आधी त्याबद्दल बोलते.

शेली गेबल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. माणूस जवळच्याला आनंदाची बातमी सांगतो तेव्हा समोरचा काय करतो, हे त्यांनी पाहिलं. त्यातून चार तऱ्हा पुढे आल्या. एक जण बातमीत शिरतो, विचारतो, आणखी ऐकायला मागतो. दुसरा ‘छान हं’ म्हणून गप्प होतो. तिसरा खोट काढतो : ‘नीट चौकशी केलीत ना? एकत्र कुटुंब आहे म्हणतेस, जमेल का तुला?’ चौथा विषयच बदलतो. खोट काढणं आणि विषय बदलणं नात्याला मारक, हे कुणीही सांगेल. या अभ्यासातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की ‘छान हं’सुद्धा नात्याच्या फारसं कामी येत नाही. नातं पक्कं असण्याशी पहिल्या तऱ्हेचाच संबंध दिसला. अभ्यास जोडप्यांचा होता, पण समुपदेशनाच्या खोलीत मैत्रिणींच्या बाबतीतही मी हेच पाहत आले आहे. ‘ती माझ्याशी वाईट वागली’ अशी तक्रार क्वचित येते. ‘मी सांगितलं आणि तिने काही विचारलंच नाही’ ही तक्रार मात्र लग्न होऊन वर्षं लोटली तरी निघते.

तुमचा रविवारचा फोन दुसऱ्या तऱ्हेचा झाला. हे सहज भरून काढता येतं आणि त्यासाठी माफी मागायची गरज नाही. ‘सॉरी, मी त्या दिवशी नीट बोलले नाही, मला जरा कसंतरी झालं’ असं सुरू केलंत, तर पुढच्या पाच मिनिटांत ती तुमची समजूत घालत बसेल आणि तिची बातमी पुन्हा बाजूला पडेल. त्यापेक्षा उद्या ती आली, बॅग ठेवली, चहा झाला की एवढंच म्हणा : ‘परवा फोनवर घाईघाईत झालं. आता मला सगळं पहिल्यापासून सांग.’

आणि मग खरंच विचारा. मुलगा काय करतो, पॅकेज किती, हॉल कुठला, हे नको. ते तिला सगळेच विचारताहेत. तुम्ही असं विचारा जे तिला सहा वर्षं जवळून बघणारीलाच सुचेल. हा बरा वाटतोय असं पहिल्यांदा कधी वाटलं? होकार कळवला त्या रात्री झोप लागली का? आई काय म्हणाली, आणि बाबा काय म्हणाले नाहीत? तिच्यात गुंतून ऐकत असताना स्वतःला तिच्या शेजारी उभं करून मोजणं जरा थांबतं, हा तुमचा फायदा. अर्धा तास पुरतो. नंतर थकवा आला तर ‘उद्या ऑफिस आहे, झोपते’ म्हणून खुशाल उठा.

बोलताना एक पथ्य पाळा : वाक्यं लहान, पण खरी असू देत. ‘मी इतकी खूश आहे ना, तुला सांगू शकत नाही’ हे आत्ता तुमच्या तोंडून पोकळ वाजेल, आणि सहा वर्षं एका छताखाली राहिलेल्या माणसाला तुमचा पोकळ आवाज ओळखू येतो. तुम्ही लिहिलंय की मुलगा चांगला आहे आणि तिच्यासाठी बरं वाटतंय. हे खरं आहे ना? मग तेच म्हणा. ‘तुला इतकं निवांत बोलताना बऱ्याच दिवसांनी ऐकलं.’ ‘तुला समजून घेणारा माणूस मिळाला, मला बरं वाटलं.’ यात खोटं काहीच नाही. बरं वाटणं आणि रडू येणं एकाच माणसात एकाच दिवशी असू शकतं. त्यातलं एक उद्या तिला द्यायचं आहे, दुसरं आत्ता दुसरीकडे न्यायचं आहे.

आता ते दुसरं. ‘हे काय होतंय’ असं तुम्ही विचारलंय. अशा वेळी मी बहुतेकींना दोन प्रश्न विचारते, तुम्हीही स्वतःला विचारून बघा. समजा, उद्या तुमचंही लग्न ठरलं, अगदी मनासारखं. तरी ती जाणार याचं किती दुखेल? दुसरा उलटा प्रश्न : तुमचं काहीच ठरलं नाही, पण ती लग्न करून तुमच्याच सोसायटीत समोरच्या विंगेत राहायला आली. मग किती दुखेल?

पहिल्या प्रश्नात दुखणं जवळजवळ संपत असेल, तर मूळ दुखणं तुमच्या स्वतःच्या लग्नाचं आहे आणि मैत्रिणीच्या बातमीने फक्त त्याची खपली काढली. दुसऱ्या प्रश्नात संपत असेल, तर तुम्हाला ती हवी आहे. रोजची, घरातली, दार उघडून ‘आज काय झालं माहितीये?’ म्हणणारी. बहुतेकींचं उत्तर मध्ये कुठेतरी येतं, पण कुठलं पारडं जड आहे ते लक्षात येतं. उपाय वेगळे असल्यामुळे ते कळणं गरजेचं आहे.

तुमच्या पत्रावरून माझा अंदाज दुसऱ्या बाजूला झुकतो. स्थळांबद्दल तुम्ही एक वाक्य लिहिलंत आणि सुरुवात फ्लॅटपासून केलीत. रॉबर्ट वाइस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्ये एकटेपणावर पुस्तक लिहिलं. त्यात त्याने दोन एकटेपणे वेगळे काढले. एक सामाजिक : ओळखीपाळखी, गट, आपली माणसं म्हणावीत असा गोतावळा नसणं. दुसरा भावनिक : आपलं असं एक माणूस नसणं. त्याचं म्हणणं असं की एकाची भरपाई दुसऱ्याने होत नाही. अशा वेळी तुम्हाला सल्ला मिळणारच, ‘अगं, ट्रेकिंगच्या ग्रुपला जा, कुठलासा क्लास लाव’. तो का लागू पडत नाही, ते यावरून कळेल. राजमाचीला चाळीस जणांबरोबर जाऊन आलात तरी रविवारी रात्री घरात शिरल्यावर ‘आलीस का?’ म्हणणारं कुणी नाही, हे दुखणं तसंच राहतं. ट्रेकला जरूर जा, पण या दुखण्यावरचं औषध म्हणून नको.

यातला एक भाग अगदी व्यावहारिक आहे आणि तो विचारायला तुम्हाला लाज वाटत असणार. घराचं काय? ती कधी निघणार, करार कधी संपतोय, डिपॉझिटमधला तिचा वाटा कसा परत द्यायचा, एवढं भाडं एकटीला झेपणार का, नाही तर नवी मुलगी शोधायची का, आणि तिच्याशी जमेल का. तिच्या आनंदात हा हिशोब काढणं हलकटपणाचं वाटतं, म्हणून मुली तो पोटात ठेवतात. मग रात्री अडीच वाजता दुखतं ते मैत्रीचं की अकरा महिन्यांच्या कराराचं, हेच कळेनासं होतं. अनिश्चितता संपली की निम्मं ओझं उतरलं असं सांगणाऱ्या बऱ्याच जणी मला भेटल्या आहेत.

हे उद्या विचारू नका. आठ-दहा दिवस जाऊ देत, पण साखरपुड्याच्या आधी बोला, कारण नंतर तारीख, हॉल आणि बस्ता यात ती सापडणार नाही. लग्नाच्या गप्पा चालू असताना मध्येच नको, वेगळं बसून. ‘आपल्याला घराचं एकदा बोलायला लागेल. तू साधारण कधीपर्यंत इथे आहेस? मला दोन महिने आधी कळलं तर मी नीट बघू शकेन.’ तारीख मिळाली नाही तरी ‘दिवाळीपर्यंत तरी आहे’ एवढं कळलं, तरी डोक्याला जमीन मिळते.

स्वतःच्या लग्नाचं पारडं जड असेल, तर मात्र उपाय मैत्रिणीपाशी नाही. दोनदा जमता जमता मोडलं, असं तुम्ही एका वाक्यात उडवून लावलंत. आपल्याकडे मोडलेल्या लग्नाबद्दल लोक निदान हळहळतात, पण न ठरलेल्या लग्नाचं दुःख कुणी धरत नाही. ‘बरं झालं, आधीच कळलं’ म्हणतात आणि पुढचा बायोडाटा समोर ठेवतात. त्या दोन वेळी तुम्ही मनात काय काय मांडून ठेवलं होतं, ते कुणाशी तरी सविस्तर बोलून झालंय का? नसेल तर आधी ते बोला, आणि घरी सांगून नवीन स्थळं दोन महिने थांबवा. मैत्रिणीच्या साखरपुड्याच्या आठवड्यात स्वतःचा बघण्याचा कार्यक्रम ठेवणं ही तर शिक्षाच आहे. आईला वाटतं की वातावरण आहे तर हेही होऊन जाईल. तसं होत नाही. त्या आठवड्यात समोर आलेल्या कुठल्याही मुलाला तुम्ही उगाच नाही म्हणाल, किंवा त्याहून वाईट म्हणजे उगाच हो म्हणाल.

हे सगळं कुणाजवळ बोलायचं? तुमच्या दोघींच्या कॉलेजच्या ग्रुपमधल्या कुणाजवळही नको, ती कितीही विश्वासाची असो. तिथून ‘तिला जरा वाईट वाटतंय बहुतेक’ एवढं वाक्य नववधूपर्यंत पोचायला एक केळवण पुरतं. मावशी, मोठी बहीण, ऑफिसमधली तिला न ओळखणारी सहकारी, नाही तर समुपदेशक, असं या वर्तुळाबाहेरचं कुणीतरी शोधा.

साखरपुड्याचं बोलू. ‘सतत माझ्यासोबत राहा’ म्हटल्यावर मनात अपराधी वाटणाऱ्या मैत्रिणी हमखास एक चूक करतात : सगळंच अंगावर घेतात. साड्यांची खरेदी, मेंदीवाली, सरप्राइज व्हिडिओ, रुखवताची तयारी, ग्रुपवरची वर्गणी. मग तिने एका फोनला उत्तर दिलं नाही की ‘मी एवढं करतेय आणि हिला...’ सुरू होतं. कामं करताना मनात हिशोब मांडला जातोय असं जाणवलं की समजा, जास्त घेतलंय. दोनच कामं घ्या आणि ती मनापासून करा.

त्यातलं एक मी सुचवते. साखरपुड्यात मुलाकडच्या बायका मुलीची ओटी भरतात, साडी देतात आणि ती साडी नेसायला मुलगी आत जाते. बाहेर सगळे वाट बघत असतात. आत निऱ्या नीट बसत नसतात, पिन सापडत नाही, ब्लाउजचा रंग जुळत नाही म्हणून ती रडकुंडीला आलेली असते. ती पंधरा-वीस मिनिटं तुम्ही मागून घ्या. दुसऱ्या मावश्यांना गोड बोलून बाहेर काढा, पिना आणि सेफ्टीपिना स्वतःच्या पर्समध्ये ठेवा. अख्ख्या दिवसात ती तुमची एकटीची असेल अशी तेवढीच वेळ आहे, आणि तिच्याही लक्षात तीच राहते.

जड जाईल ती वेळ त्यानंतरची. अंगठ्या घालून झाल्या, आता स्टेजवर फोटोंची रांग आहे आणि तुम्हाला काही काम नाही. तेव्हा तुम्ही खुर्चीवर एकट्या बसलेल्या असाल आणि कुणीतरी काकू येणारच : ‘आता तुझा नंबर हं!’ याला चुरचुरीत उत्तर शोधू नका, त्यातून संभाषण वाढतं. छोटं उत्तर द्या आणि लगेच त्यांच्याकडे वळवा : ‘बघणं चालू आहे काकू. तुम्ही जेवलात का? चला, पंगत बसतेय.’ बहुतेक काकू जेवायला जातात. आणि परतीचं आधीच ठरवून ठेवा. कुणाच्या तरी गाडीत, चार जोडप्यांच्या मध्ये बसून पुण्याला येण्यापेक्षा स्वतःचं बसचं तिकीट काढलेलं बरं. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी तिचे फोटो, स्टेटस, सगळ्यांच्या कॉमेंटा बघत बसू नका. एक फोटो निवडून तिला वैयक्तिक पाठवा, खाली एक ओळ लिहा आणि बाकीचं आठवडाभर म्यूट करा.

तिला हे सगळं सांगावं का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. सांगावं. मात्र साखरपुडा होऊन गेल्यावर, एका वाक्यात, आणि त्याला एक मागणी जोडून. नुसतं ‘मला खूप एकटं वाटतंय’ म्हटलंत तर तिने करायचं काय? लग्न थांबवणार का? ‘तू आता आम्हाला विसरणार’ हे तर थट्टेतही नको. त्यावर ती फक्त नाही म्हणू शकते, आणि दहाव्यांदा म्हणताना तिलाही कंटाळा येतो. त्यापेक्षा असं म्हणा : ‘तुझं छान झालं, आणि तू इथे नसणार याचं मला जड जातंय. दोन्ही खरं आहे. लग्नानंतर आठवड्यातून एक फोन आपला ठेवशील?’ याला ती हो म्हणू शकते. त्याआधीच तिने ओळखून ‘तुला काय झालंय?’ विचारलं, तर ‘काही नाही’ म्हणू नका. ‘तू जाणार म्हणून जरा हळवं झालंय. त्यावर नंतर बोलू, आधी तू ब्लाउजचं सांग’ एवढं पुरे.

फोनचा वार ठरवा असं मी म्हणते त्यालाही कारण आहे. रॉबिन डन्बार या ब्रिटिश अभ्यासकाने माणसाच्या जवळच्या वर्तुळांवर बरंच काम केलंय. प्रेमाचा जोडीदार आयुष्यात आला की अगदी आतल्या वर्तुळातली साधारण दोन माणसं बाहेर सरकतात, असं त्याला दिसलं. वेळ आणि लक्ष मोजकंच असतं, त्यामुळे हे होतं. म्हणून ‘आपल्यात काही बदलणार नाही’ असं दोघींनी एकमेकींना सांगू नका. बदलणार आहे. मैत्री मनावर सोडली तर ती पहिल्या वर्षातच सरकते. वार ठरलेला असेल तर बरीचशी टिकते. आणि होणाऱ्या नवऱ्याशी तुमची स्वतंत्र ओळख असू द्या. ज्या मैत्रिणीला नवरा ओळखतो, तिचा फोन आल्यावर तो ‘घे, घे’ म्हणतो.

वाईट वाटणं लाटेसारखं येऊन जात असेल, मधल्या वेळात जेवण, झोप, काम नीट चालू असेल, तर लग्नापर्यंत ते असंच चढउतार करत राहील, घाबरू नका. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज बहुतेक वेळ मन उदास असेल, झोप उडाली असेल, आवडीचं काहीच करावंसं वाटत नसेल किंवा जगण्यात अर्थ नाही असं मनात येत असेल, तर हा विषय मैत्रिणीच्या लग्नाचा राहिलेला नाही. शेवटचा विचार मनात आला तर दोन आठवडे वाटही बघू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास असते आणि मराठीत बोलता येतं.

आता राहिलं केळवण. ते तुम्ही करा, आणि फ्लॅटवरच करा. मात्र साखरपुड्यानंतर लगेच नको, लग्नाच्या दोन-तीन आठवडे आधी. तोवर तुमची घराची बोलणी झालेली असतील आणि पहिला भर ओसरलेला असेल. सहा-सात माणसांवर जाऊ नका आणि त्यात तिच्या नवऱ्यालाही बोलवा. स्वयंपाक बाहेरून मागवला तरी चालेल, पण एक पदार्थ सहा वर्षं तुम्ही दोघी महिनाअखेरीला करून खायचात तो असू द्या, मुगाची खिचडी असली तरी. त्याच्या ताटातही वाढा. आयुष्यभर तिला तो करून घालायचा असेल तर चव माहीत असलेली बरी.